मोठ्या रजेनंतर परत रुजू होतेय, टीम बरीच नवी आहे. ओळख करून देताना काय बोलू?

जिरावण
नमस्कार मंडळी. मी इंदूरची, नोकरी पीथमपूरला एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे औषधांची तपासणी होते तिथे. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा, तिला जोडून बिनपगारी रजा, असं करत वर्ष होत आलं. येत्या सोमवारी रुजू होतेय. लॅबच्या मोठ्या सरांचा फोन आला होता, सकाळच्या मीटिंगमध्ये दोन मिनिटं स्वतःची ओळख करून द्या, बरेच जण नवे आहेत.

बरेच म्हणजे चौदांपैकी नऊ. आधीच्या ग्रुप लीडर बाई दुसरीकडे गेल्या. त्यांच्या जागी आता जो आहे तो माझ्याच हाताखाली ट्रेनी म्हणून लागला होता, एचपीएलसीच्या मशीनला कॉलम कसा लावायचा ते मी शिकवलं त्याला. रजिस्टरं जाऊन लिम्स, म्हणजे लॅबच्या नोंदींचं सॉफ्टवेअर, आलंय. सुधारित शेड्यूल एमच्या, म्हणजे औषध कारखान्यांच्या सरकारी नियमांच्या, निमित्ताने निम्म्या एसओपी, म्हणजे लेखी कार्यपद्धती, बदलल्या म्हणे.

बोलायचं हिंदीतच आहे, पण आधी मराठीत सुचतं, म्हणून मसुदा इथे टाकते. हवा तसा फाडा:

"नमस्कार. मी इथे नऊ वर्षांपासून आहे. तुमच्यापैकी बरेच जण मला ओळखत नसतील. मला मुलगी झाली म्हणून मी रजेवर होते, मध्ये तिची तब्येत बरी नव्हती म्हणून रजा वाढवावी लागली. त्यामुळे तुम्हा सगळ्यांवर ताण आला, त्याबद्दल सॉरी. पूर्वी आपली लॅब एका कुटुंबासारखी होती. आता खूप बदललंय, मला सगळं नव्याने शिकावं लागेल, सांभाळून घ्या. कुणाला काही अडलं तर मला केव्हाही विचारा."

निनाद_पुणे
मसुदा फारच पडेल आहे. सॉरी कशाबद्दल? हक्काची रजा होती. ते वाक्य आधी काढा.
मी आयटीत टीम लीड आहे, आमच्याकडे लोक येत-जात असतात. नव्या लोकांना तुमचं वजन पहिल्या दोन मिनिटांत कळलं पाहिजे. नऊ वर्षं, किती ऑडिटं पाहिली, कुठल्या प्रॉडक्टवर काम केलं, सगळं सांगा. आणि शेवटी ठणकावून सांगा, "आजपासून माझी सॅम्पल्स माझ्याकडे द्या." नाहीतर महिनाभर लोक तुम्हाला पाहुणीसारखं वागवतील.

बाळूकाका
रुजू होताना अर्ज व्यवस्थित द्यावा. विषय : रजा उपभोगून सेवेत हजर होत असल्याबाबत. महोदय, मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत रजेवर होते, आज सकाळच्या सत्रात हजर झाले आहे, कृपया हजर करून घ्यावे. सोबत डॉक्टरांचा फिटनेस दाखला. दोन प्रती, एकीवर पोच घ्यावी. मी बँकेत छत्तीस वर्षं काढली, पोच नसेल तर काहीही खरं नाही.

जिरावण
काका, अर्ज एचआरला गेला, तोंडी काय बोलायचं ते विचारतेय हो. 🙂 पण फिटनेसची आठवण बरी केलीत.

अन्नपूर्णा_रोड
जिरावणताई, मी याच पट्ट्यात बावीस वर्षं क्यूएत, म्हणजे गुणवत्तेची हमी बघणाऱ्या विभागात, काढली, आता घरी आहे. निनाद, सॉरीचं तुमचं बरोबर. पण "माझी सॅम्पल्स माझ्याकडे द्या" हे वाक्य औषधाच्या लॅबमध्ये सोमवारी बोलता येणार नाही, कारण सोमवारी त्या अॅनालिस्टच नसणार. पगारपत्रकावर असतील. कागदावर नसतील.

ताई, तुमच्या कंपनीच्या एसओपीत बघा, अमुक महिन्यांपेक्षा जास्त गैरहजर राहिलं तर री-क्वालिफिकेशन, असं कलम असेलच. मुदत प्रत्येक कंपनीची वेगळी, कुठे तीन महिने, कुठे सहा. वर्षाच्या रजेला ते कुठेही लागणारच. म्हणजे आधी बदललेल्या एसओपी वाचून ट्रेनिंग रेकॉर्डवर सह्या. मग बंद केलेला लॉगिन आयडी क्यूए आणि आयटीकडून चालू करून घेणं, लिम्सचा वेगळा आणि क्रोमॅटोग्राफीच्या सॉफ्टवेअरचा वेगळा. वार्षिक मेडिकल आणि डोळ्यांची तपासणी रजेत हुकली असणार, तीही. टायट्रेशनचा रंग ओळखणाऱ्या माणसाची रंगदृष्टी तपासलेली नसेल तर ऑडिटर तेवढंच धरून बसतो. आणि शेवटी आधीच तपासून झालेल्या एखाद्या बॅचचा नमुना तुम्ही पुन्हा तपासायचा, तुमचा आकडा मूळ आकड्याशी ठरलेल्या फरकात बसला की तुम्ही पुन्हा अॅनालिस्ट. तोवर रिलीजच्या सॅम्पलवर तुमची एकटीची सही चालत नाही.

आता तुमच्या ओळखीकडे या नजरेने बघा. समोरच्या नऊ जणांना तुमच्याबद्दल सगळ्यात आधी काय कळायला हवं? नऊ वर्षं नव्हे, मुलगीही नव्हे. आजपासून या बाईंना कोणतं काम देता येतं आणि कोणतं येत नाही, हे. तुमच्या मसुद्यात त्याचा एक शब्दही नाही. उलट "सगळं नव्याने शिकावं लागेल" आणि "काही अडलं तर मला विचारा" ही दोन वाक्यं शेजारी शेजारी बसवलीत. ऐकणाऱ्याने विचारायचं की शिकवायचं?

दुसरी_पाळी
मी दुसऱ्या एका कंपनीत ज्युनियर अॅनालिस्ट आहे, दोन वर्षं झाली. समोर बसून ऐकणाऱ्यांच्या बाजूने लिहितो.

आमच्याकडे एक सीनियर असेच मोठ्या रजेवरून आले. ओळख झकास दिली, हसवलं, समोसे मागवले. पण त्यांचं री-क्वालिफिकेशन बाकी आहे हे कुणीच बोललं नाही. त्यांनीही नाही, लीडरनेही नाही. आम्हाला वाटलं, सीनियर आहेत, चला सुटलो. गर्दीच्या दिवशी एकाने आपलं डिसोल्यूशनचं, म्हणजे गोळी विरघळण्याच्या चाचणीचं, सॅम्पल त्यांना दिलं. त्यांचा आयडी बंद, म्हणून त्यांनी त्याच्याच लॉगिनवर रन लावला. दोघांच्याही मनात पाप नव्हतं. ऑडिट ट्रेलमध्ये निघालं की ज्याच्या नावाने रन लागला तो त्या वेळी गेटवर पंच करून बाहेर पडला होता. डेव्हिएशन, चौकशी, रिपीट टेस्टिंग, आणि मेमो कुणाला? ज्युनियरला.

म्हणून म्हणतो ताई, "अजून माझा आयडी चालू नाही, मला सॅम्पल देऊ नका" हे तुम्ही स्वतःच्या तोंडाने बोललात तर आमच्यासारख्यांवर उपकार होतील. सीनियरला आम्ही कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

आणि हो, "पूर्वी आपली लॅब कुटुंबासारखी होती" हे आम्हाला असं ऐकू येतं की तुम्ही आल्यापासून बिघडली.

शुभा_ग्वाल्हेर
मी शाळेत आहे, लश्करला. आजारपणानंतर परत गेले तेव्हा स्टाफरूममध्ये सगळं सांगून बसले, ऑपरेशन, टाके, सगळं. मन मोकळं झालं खरं, पण पुढे वर्ष सरेपर्यंत ज्याला-त्याला माझी तब्येतच विचारायची असायची. एकदा मी वेळापत्रकावरून वाद घातला तर एक मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला आत्ता ताण नको." आजाराचं नाव घेतलं की माणसाचं म्हणणं मागे पडतं. मुलीची तब्येत वगैरे नका सांगू सगळ्यांसमोर.

निनाद_पुणे
ओके, क्वालिफिकेशनचं मला माहीत नव्हतं, आमच्याकडे लॅपटॉप दिला की माणूस कामाला लागतो. पण रजेचं कारण अजिबात न सांगणंही विचित्र वाटेल. वर्षभर गायब, आणि कारण नाही? लोक स्वतःच कारणं तयार करतात.

अन्नपूर्णा_रोड
एका वाक्यात सांगावं आणि पुढे जावं. "मॅटर्निटी लीव्हवर होते, आता परत आले." मुलगी आहे की मुलगा, ते चहाच्या वेळी कळेलच.

जिरावण
सगळ्यांचे आभार. काल सरांना फोन केला. टीमला माझ्याबद्दल काहीच सांगितलेलं नव्हतं. आमच्या एसओपीत सहा महिन्यांची मुदत आहे, त्यामुळे री-क्वालिफिकेशन लागणारच. माझ्या दोन प्रॉडक्टचं काम सध्या एक नवी मुलगी बघते, तिलाही काही कल्पना नव्हती. सरांकडून तिचा नंबर घेऊन तिला फोन केला. आधी अगदी जपून बोलत होती. "तुझं काम काढून घ्यायला येत नाहीये, पुढची वाटणी ग्रुप लीडर करतील" असं सांगितल्यावर मोकळी झाली.

आता एक विचारायचंय. यातल्या एका प्रॉडक्टचं मेथड ट्रान्सफर, म्हणजे तपासणीची पद्धत आमच्या लॅबमध्ये बसवणं, मी केलं होतं. ती नवी मुलगी बोलता बोलता म्हणाली की त्याच्या असेला, म्हणजे औषधाचं प्रमाण मोजताना, ग्राफवरचा पीक कधी लवकर येतो, कधी उशिरा. मला ऐकताक्षणी कळलं. मोबाइल फेजमध्ये, म्हणजे कॉलममधून जाणाऱ्या द्रवात, बफर आणि अॅसिटोनायट्राइल आहे, पद्धतीत नुसतं "पीएच ३.०" लिहिलंय. आम्ही पीएच आधी बफरमध्येच लावायचो आणि मग अॅसिटोनायट्राइल घालायचो. आताचे काही जण मिसळून झाल्यावर लावत असणार. हे ओळखीतच सांगून टाकू का? म्हणजे निनाद म्हणतात तसं वजनही कळेल.

दुसरी_पाळी
सांगाच! आम्ही अशा एका पीकच्या मागे आठवडा घालवलाय. मिसळल्यावर मीटर जे दाखवतं ते खरं नसतंच, आणि माणसागणिक वेगळं येतं.

अन्नपूर्णा_रोड
निदान अगदी बरोबर वाटतंय. पण ओळखीत नाही.

चौदा जणांसमोर तुम्ही "आम्ही असं करायचो" म्हटलं की दोन गोष्टी होतात. ज्यांनी कालपर्यंत उलटं केलं ते सगळ्यांदेखत चुकीचे ठरतात, त्यात तुमची फोनवरची मुलगीही आली. आणि त्याहून वाईट म्हणजे दुपारपासून चार जण तुमच्या तोंडी शब्दावर काम करायला लागतील, पद्धतीत न लिहिलेलं. लेखी पद्धत एक आणि लॅबची सवय दुसरी, यालाच आम्ही क्यूएवाले घाबरतो. आजवर ती गोष्ट तुमच्या हाताच्या सवयीत होती. तुम्ही रजेवर गेलात, सवयही रजेवर गेली, आणि पीक हलायला लागला. यावरूनच कळतं की ती पद्धतीत लिहिलेली हवी होती.

मंगळवारी-बुधवारी ग्रुप लीडरकडे जा, ट्रान्सफरचा जुना रॉ डेटा काढा, त्यांच्यासोबत बघा, आणि चेंज कंट्रोल, म्हणजे पद्धत बदलण्याचा रीतसर प्रस्ताव, त्यांनी टाकावा. ओळखीत एवढंच म्हणा की या प्रॉडक्टचं ट्रान्सफर मी केलंय, जुनी कागदपत्रं शोधायची असतील तर मला विचारा. यात वजनही आलं आणि हद्दही.

निनाद_पुणे
चेंज कंट्रोल होईपर्यंत महिना जाईल. तोवर त्या मुलीने पीक हलताना बघत बसायचं?

अन्नपूर्णा_रोड
हो, वेळ लागतो. तोवर लीडर क्यूएशी बोलून काय करायचं ते ठरवतील. पण ठरवायचं त्यांनी.

जिरावण
पटलं. नवा मसुदा:

"नमस्कार. मी मॅटर्निटी लीव्हनंतर आज परत आले. रजेआधी मी एचपीएलसी सेक्शनला होते, असे आणि डिसोल्यूशन बघायचे. सध्या माझे दोन्ही आयडी बंद आहेत आणि री-क्वालिफिकेशन व्हायचंय, त्यामुळे क्यूएचा कागद येईपर्यंत मी रिलीजचं सॅम्पल घेऊ शकत नाही. कुणी घाईत दिलं तर मी नाही म्हणेन, राग मानू नका. तोवर नव्या एसओपी आणि लिम्स शिकणार आहे, ग्रुप लीडर सर सांगतील त्याच्यासोबत बसेन. माझी आधीची दोन प्रॉडक्टं सध्या ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडेच आहेत. त्यातल्या एकाचं मेथड ट्रान्सफर मी केलं होतं, जुना डेटा शोधायचा असेल तर मला विचारा. तुमची नावं शिकायला दोन दिवस लागतील, चुकले तर दुरुस्त करा."

"ग्रुप लीडर सर" लिहिताना जरा अडखळले. तो मला दीदी म्हणायचा, मी त्याला अरे-तुरे करायचे.

बाळूकाका
खुर्चीला मान द्यावा. माझ्या हाताखालचा शिपाई परीक्षा देऊन अधिकारी झाला, मी त्याला दुसऱ्या दिवशीपासून साहेब म्हटलं.

शुभा_ग्वाल्हेर
मला नाही पटत. एकदम "सर" म्हटलं की टोमणा मारल्यासारखं वाटतं. नाव आणि जी, आणि आप. आपल्याकडे "जी" लावलं की सगळ्यांचा मान राहतो.

दुसरी_पाळी
त्यालाच विचारा ना, मीटिंगच्या आधी, एकट्याला. आमच्याकडे तर सगळे सगळ्यांना भियाच म्हणतात, लॅब हेडसमोर तेवढं सांभाळून. 😄

कान्ह_काठ
ताई, एक महत्त्वाचं राहिलं. मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन नर्सिंग ब्रेक मिळतात, जेवणाच्या सुट्टीशिवाय. ५० किंवा जास्त माणसं असली तर पाळणाघर हवं, तिथे दिवसातून चार वेळा जाता येतं. ओळखीतच जाहीर करा, नंतर कुणी "या कुठे गेल्या?" म्हणायला नको. हक्क लपवून ठेवला की हातचा जातो.

जिरावण
मुलगी आईकडे आहे, सुदामा नगरला. स्टाफ बस राऊवरून येते, पीथमपूर गाठायला सकाळी तासभर सहज जातो. त्यामुळे पाळणाघराचा उपयोग नाही. ब्रेक मात्र मला दूध काढून ठेवण्यासाठी लागणार आहेत. पण ते चौदा जणांसमोर, त्यात दहा पुरुष, नाही बोलवणार माझ्याच्याने.

अन्नपूर्णा_रोड
बोलूही नका. एचआरला आणि ग्रुप लीडरला मेलवर वेळा कळवा, म्हणजे त्या वेळात तुमच्या नावावर रन लागणार नाही. टीमला फक्त "अकरा आणि तीनला वीस मिनिटं मी जागेवर नसेन" एवढं पुरे.

कान्ह_काठ
माझं मत तेच. आज तुम्ही आडपडद्याने सांगाल, तर पुढच्या बाईलाही आडपडदाच लागेल.

जिरावण
मुद्दा खरा आहे. पण सोमवारी तरी नाही.

जिरावण
मंडळी, आठवडा झाला, खबर देते.

ग्रुप लीडरला मीटिंगआधी गाठलं. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "दीदी, आप मुझे सर मत बोलना, मैं मर जाऊँगा." तर नाव आणि जी ठरलं. शुभाताई, तुमचा पेढा लागू.

ओळख मसुद्याप्रमाणेच दिली, थोडी अडखळत. बोलून संपल्यावर दोन सेकंद शांतता, आणि मग एका मुलाने विचारलं, "मॅम, तो आप रिव्ह्यू कर सकती हैं? रिव्ह्यू में तो टेस्टिंग नहीं है." याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. लीडर म्हणाला, क्यूएला विचारून सांगतो.

बुधवारी एकाने खरंच सॅम्पलची ट्रे माझ्या टेबलावर ठेवली, आणि मी वर बघायच्या आत स्वतःच उचलून नेली, "अरे हाँ, आपका तो अभी बंद है." दुसरी पाळी, तुमची आठवण आली.

असेचं री-क्वालिफिकेशन झालं. मूळ निकाल ९९.४ टक्के होता, माझा ९८.७ आला. आमच्याकडे फरक २.० पर्यंत चालतो, त्यामुळे बसलं. डिसोल्यूशन पुढच्या आठवड्यात. डोळ्यांची तपासणी झाली, चष्म्याचा नंबर बदललाय, म्हणजे बाळूकाकांचा दाखला कामाला आला.

पीएचचं मी आणि लीडर जुना डेटा घेऊन बसलो. माझ्या वेळच्या वर्कशीटवर "बफर पीएच" असं वेगळं लिहिलेलं सापडलं, पद्धतीत मात्र तो शब्द उतरलाच नव्हता. चेंज कंट्रोल त्याने टाकला, आणि सुचवणारी म्हणून त्या मुलीचं नाव घातलं, कारण पीक हलतो हे तिनेच आधी नोंदवलं होतं. तेव्हा मला क्षणभर लागलं, खोटं कशाला बोलू. नंतर वाटलं, नोंद तर खरंच तिची होती.

रिव्ह्यूचं अजून लटकलंय. क्यूएतले एक जण म्हणतात, अॅनालिस्ट म्हणून क्वालिफाय झालात की रिव्ह्यूअरचं जुनं ऑथोरायझेशन आपोआप जिवंत होतं. दुसरे म्हणतात, नाही, नव्या एसओपीवर नवीन लागेल. एसओपीत याबद्दल ओळच नाही.

अन्नपूर्णा_रोड
नवीन घ्या. रिव्ह्यूअर तर ऑडिट ट्रेल बघतो, आणि तो आता नव्या सिस्टीममध्ये आहे. जुनं ऑथोरायझेशन रजिस्टरांच्या काळातलं.

दुसरी_पाळी
आमच्याकडे आपोआप धरतात. दोन इन्स्पेक्शनं झाली, कुणी विचारलं नाही.

अन्नपूर्णा_रोड
तिसऱ्यात विचारतील.

बाळूकाका
अर्जाची पोच घेतलीत का?